एसडीएमए 17 आला, मग क्रिएटिनिन कशाला?

«एसडीएमए 14 च्या वर गेला म्हणजे 40 टक्के किडनी गेली. क्रिएटिनिन 75 टक्के किडनी गेल्यावरच वाढतं, म्हणून त्यावर पैसे घालवू नका, फक्त एसडीएमए करा. तो 17 महिने आधी सांगतो. 14 च्या वर दिसला की त्याच दिवसापासून रीनल फूड चालू करा.»

पाळीव प्राण्यांच्या किडनीसाठीच्या रक्ताच्या टेस्टबद्दलचा हा मेसेज गेल्या महिन्याभरात मला चार वेगवेगळ्या लोकांनी दाखवला. त्यांतल्या दोघांनी तर क्लिनिकमध्ये टेबलापलीकडे बसून मोबाईल माझ्यासमोर धरला. मी पुण्यात कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करतो आणि एसडीएमए ही टेस्ट मला आवडते. म्हणूनच तिच्या नावावर काहीही खपवलं की चिडचिड होते.

आधी टक्केवारीकडे बघू, कारण बाकीचा सगळा इमला तिच्यावर उभा आहे. क्रिएटिनिन असो की एसडीएमए, दोन्ही शरीरातच तयार होणारे टाकाऊ पदार्थ, रक्तात साधारण ठरावीक वेगाने येत राहतात आणि किडनी ते गाळून टाकते. गाळण्याचा वेग निम्मा झाला की रक्तातलं प्रमाण हळूहळू दुप्पट होऊन तिथे स्थिरावतं. वेग चौथाईवर आला की चौपट. हा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे, एसडीएमएकडे त्यातून सुटायची कुठलीही जादू नाही.

आता हिशेब करा. एखाद्या मांजरीचं तरुणपणीचं क्रिएटिनिन 0.6 होतं आणि लॅबच्या कागदावर वरची मर्यादा 2.4 छापली आहे. तिला ती मर्यादा ओलांडायला चौपट वाढ लागेल, म्हणजे खरोखर 75 टक्के काम बंद पडावं लागेल. पण जिची सुरुवातच 1.2 ला होती, तिचा आकडा निम्मं काम गेलं की 2.4 ला टेकतो. एसडीएमएचंही तेच. सुरुवात 9 ला असेल तर 40 टक्के घट झाल्यावर तो 15 होतो आणि मेसेजमधला आकडा जुळतो. सुरुवात 12 ला असेल तर 15 व्हायला 20 टक्के घट पुरते, आणि 6 ला असेल तर 60 टक्के लागते. म्हणजे 40 आणि 75 हे गटाच्या सरासरीवरून आलेले ढोबळ अंदाज आहेत. तुमच्या घरच्या प्राण्याच्या किडनीचं ते मोजमाप नव्हे.

शिवाय «गेली» हा शब्दच चुकीचा. दोन दिवस उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं तरी गाळण्याचा वेग मंदावतो, दोन्ही आकडे चढतात आणि सलाईन दिल्यावर उतरतात. पावसाळ्यात लेप्टो झालेल्या कुत्र्यातही दोन्ही चढतात, पण तो अचानक झालेला घाव असतो. जुना आजार आहे की कालचा, हे एसडीएमए सांगत नाही.

17 महिन्यांची गोष्ट खरी आहे, पण अर्धीच सांगितली जाते. हा आकडा 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मांजरींच्या अभ्यासातला. किडनीचा आजार झालेल्या 21 मांजरींचे साठवलेले जुने नमुने तपासले, तर एसडीएमए क्रिएटिनिनच्या सरासरी 17 महिने आधी मर्यादेबाहेर गेलेला दिसला. मात्र एकेका मांजरीतलं हे अंतर दीड महिन्यापासून चार वर्षांपर्यंत पसरलेलं होतं. आणि खरी मेख पुढे आहे: त्यात क्रिएटिनिनची मर्यादा 2.1 धरली होती. किडनीच्या आजाराचे टप्पे ठरवणारी आयरिस ही आंतरराष्ट्रीय संस्था मांजरीत 1.6 पासून आणि कुत्र्यात 1.4 पासूनच दुसरा टप्पा मानते. घड्याळ 2.1 ऐवजी 1.6 ला थांबवलं असतं तर अंतर नक्कीच कमी भरलं असतं. म्हणजे क्रिएटिनिन उशिरा बोलतं याचं निम्मं पाप आपण त्याला दिलेल्या सैल मर्यादेचं आहे. 2019 मध्ये कुत्र्यांत गाळण्याचा वेग प्रत्यक्ष मोजून दोन्ही टेस्ट शेजारी-शेजारी ठेवल्या, तेव्हा घटलेला वेग ओळखण्यात त्या जवळपास तोडीस तोड निघाल्या.

मग एसडीएमए करायचाच कशाला? याचं उत्तर स्नायूंत आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. प्राणी म्हातारा होतो, पाठीचा कणा हाताला लागायला लागतो, मांड्या वितळतात, तसं क्रिएटिनिन तयार होणंच कमी होतं. किडनी बिघडत असताना आकडा वर जायला हवा, पण स्नायू झिजून तो खाली ओढला जातो, आणि कागदावर सगळं आलबेल दिसतं. एसडीएमए शरीरातल्या सगळ्या पेशींमधली प्रथिनं मोडताना सुटतो, त्यामुळे स्नायू घटल्याचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही.

पेठेतल्या एका काकूंची बारा वर्षांची मांजर हे याचं नेमकं उदाहरण. दोन वर्षांपूर्वी दात काढताना आम्ही रक्त तपासलं होतं: वजन 4.6 किलो, क्रिएटिनिन 1.1. आता वजन 3.5 आणि क्रिएटिनिन 1.5. काकूंनी रिपोर्टवर बोट ठेवलं, «डॉक्टर, पण इथे तर नॉर्मल लिहिलंय. 2.4 पर्यंत चालतं म्हणे.» मी जुना कागद काढून शेजारी ठेवला. एक किलोहून जास्त वजन उतरलेली मांजर, त्यात बरंचसं स्नायूंचं, म्हणजे क्रिएटिनिन खाली यायला हवं होतं. ते उलट तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढलं होतं. एसडीएमए केला, 19 आला.

इथेही निदान झालं नव्हतं. सुईने मूत्राशयातून लघवी काढली, एक थेंब घनता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून खिडकीकडे धरला. निळ्या-पांढऱ्याची रेघ 1.019 वर. मांजर निसर्गतः लघवी घट्ट करणारा प्राणी, 1.035 च्या खाली, तेही सलाईन किंवा लघवीचं औषध चालू नसताना, म्हणजे किडनीला पाणी राखता येत नाहीये असा संशय घ्यावा. थायरॉईड वाढलेल्या मांजरीही अशाच वाळतात आणि किडनीचं चित्र झाकतात, म्हणून टी4 तपासला. तो ठीक होता. लघवीतलं प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर 0.2, रक्तदाब 150. तीन आठवड्यांनी उपाशीपोटी, त्याच लॅबमध्ये पुन्हा रक्त: क्रिएटिनिन 1.5, एसडीएमए 20.

क्रिएटिनिन एकट्याने तिला पहिल्या टप्प्यात बसवलं असतं. आयरिसच्या नियमाने मांजरीत एसडीएमए 18 च्या वर टिकून राहिला, तर तिला दुसऱ्या टप्प्याची धरून उपचार करायचे. एसडीएमएने इथे आपलं काम चोख केलं, पण जुनं क्रिएटिनिन, वजनकाटा आणि लघवीचा थेंब शेजारी होते म्हणून त्याचा अर्थ लागला. मेसेजवाल्याचं ऐकून क्रिएटिनिन बंद केलं असतं, तर 1.1 चं 1.5 झालेलं दिसलंच नसतं आणि टप्पा ठरवायची मुख्य पट्टीही हातची गेली असती.

राहिलं रीनल फूड, म्हणजे किडनीच्या आजारासाठीचं खास खाणं. सिंहगड रोडवरून एक सहा वर्षांचा गावठी कुत्रा आला होता, अंगाने भरलेला, खेळकर. कुठल्याशा पॅकेजमध्ये एसडीएमए 16 निघाला, तेवढ्यावर घरच्यांनी त्याचं चिकन बंद करून ऑनलाइन मागवलेलं रीनल फूड पुढे ठेवलं होतं. तो ते हुंगून निघून जायचा, आणि घरात सगळ्यांचे चेहरे पडलेले. क्रिएटिनिन 0.9, वर्षापूर्वीही 0.9. लघवी 1.045, म्हणजे चांगली घट्ट. लघवीत प्रथिन नाही. मी म्हटलं, याला आधी नेहमीचं जेवण द्या. तीन आठवड्यांनी एसडीएमए 12 आला.

असं का होतं? एक म्हणजे हा आकडा निरोगी प्राण्यातही दोन-तीन अंकांनी हलतो, आणि वेगवेगळ्या पद्धतींनी मोजला की आणखी फरक पडतो. म्हणून 15 ते 19 ही पाटी «थांबा, पुन्हा बघा» अशी वाचायची. दोन ते चार आठवड्यांनी, पाणी व्यवस्थित पीत असताना, त्याच ठिकाणी. दुसरं, काही प्राण्यांत किडनी धड असूनही तो जास्त असतो. पिल्लांत 16 पर्यंत चालतो, ग्रेहाउंड जातीत मुळातच थोडा वर असतो, आणि लिम्फोमासारख्या गाठींच्या आजारातही तो एकटाच चढलेला सापडतो. एसडीएमए चढत चाललाय आणि क्रिएटिनिन जागचं हलत नाही, प्राण्याचे स्नायूही शाबूत आहेत, तर किडनीच्या पलीकडे बघायची वेळ आली असं मी समजतो. ही सूचना मिळते ती दोन्ही आकडे समोर असतात म्हणूनच.

क्रिएटिनिनच्याही खोड्या आहेत, त्या लपवत नाही. सकाळी उकडलेलं चिकन खाऊन आलेल्या कुत्र्याचं क्रिएटिनिन काही तास वर दिसू शकतं. रात्रीपासून उपाशी ठेवून आणा, पाणी मात्र द्या. पिळदार कुत्र्याचं 1.5 आणि सुकलेल्या पॉमेरेनियनचं 1.5 यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रीनल फूडमध्ये फॉस्फरस आणि प्रथिन दोन्ही कमी केलेलं असतं. दुसऱ्या टप्प्यापासून त्याचा उपयोग आहे, आणि काकूंच्या मांजरीला मी ते दिलंच, दोन-तीन आठवडे जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळून. पण पहिल्या टप्प्यात, लघवीत प्रथिन जात नसताना, आधीच स्नायू झिजलेल्या म्हाताऱ्या प्राण्याचं प्रथिन उगाच तोडू नये. आणि नवं खाणं पसंत नाही म्हणून मांजर दोन-तीन दिवस उपाशी बसली तर तिच्या लिव्हरचं वेगळंच दुखणं ओढवतं.

खर्चाचं म्हणाल, तर क्रिएटिनिन ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त टेस्ट. तिच्यावरचे पैसे वाचवून महागडी टेस्ट करा हा सल्ला माझ्या पुणेरी डोक्यात अजून शिरलेला नाही. पैसे मोजकेच असतील तर सात-आठ वर्षांच्या पुढच्या प्राण्याचं दरवर्षी एकाच लॅबमध्ये क्रिएटिनिन, वजन आणि लघवीची घनता करा आणि कागद जपून ठेवा. वजन उतरतंय, लघवी पातळ होतेय किंवा क्रिएटिनिन मर्यादेत राहूनही सरकतंय असं दिसलं की एसडीएमए जोडा. काकूंच्या मांजरीची फाईल आता प्लॅस्टिकच्या पिशवीत असते, आणि दर तीन महिन्यांनी त्या येतात तेव्हा मांजरीच्या आधी तीच टेबलावर येते.