फराळाचा डबा, तीन न उचललेले फोन आणि रद्द झालेली ऑर्डर

«दोन तारे. गावी आईसाठी फराळाचा डबा मागवला होता, कॅश ऑन डिलिव्हरीने. ऑफिसात असताना अनोळखी नंबरवरून तीन फोन आले, उचलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑर्डर रद्द! नाव खरं, नंबर खरा, पत्ता खरा. ग्राहकावर विश्वासच नसेल तर ही सोय ठेवता कशाला?»

नमस्कार सर,

तुमची ऑर्डर मी आज सकाळी स्वतः उघडून पाहिली. ती रद्द व्हायला नको होती. चूक आमची आहे आणि ती नेमकी कुठे झाली ते सांगते. तुमचा प्रश्न इतरही बऱ्याच जणांच्या मनात असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी डब्याचा हिशेब. दोन किलोचा डबा आम्ही घरपोच ११५० रुपयांना देतो. आतल्या फराळाला ७८० रुपये लागतात, डबा आणि खोक्याला ४०, कुरिअर आणि रोख गोळा करण्याचे मिळून १५०. उरतात १८०. आता हाच डबा दारातून परत आला तर काय होतं बघा. रोख गोळा करण्याचा आकार लागत नाही, पण जायचे ११० आणि परत यायचे १०० असे २१० रुपये आम्हीच भरतो. कपडे किंवा भांडी परत आली तर पुन्हा विकता येतात, फराळ येत नाही. कुरिअरवाला दोन-तीन फेऱ्या मारतो, मग पार्सल परतीला लागतं आणि आमच्याकडे पोचेपर्यंत दहा-बारा दिवस झालेले असतात. चकली सादळलेली असते, चिरोट्यांचा चुरा झालेला असतो, करंजीचं सारण खवट लागतं. ते कुणाच्या ताटात घालायची माझी तयारी नाही. म्हणजे १०३० रुपये गेले, आणि ते भरून काढायला सहा डबे नीट पोचावे लागतात. भाजणी भाजणाऱ्या, चकल्या पाडणाऱ्या बायकांची मजुरी आम्ही त्या आधीच दिलेली असते.

म्हणून ऑर्डर आली की ती थेट पॅकिंगला जात नाही. ऑर्डरची यादी बघणारी आमची मुलगी काही गोष्टी पाहते. पिनकोड आणि गाव-तालुका जुळतात का, एकाच नंबरवरून किती ऑर्डरी आल्या, त्या नंबरवरून पूर्वी डबा परत आला होता का, पत्त्यात घर किंवा गल्ली आहे का. यातली एखादी गोष्ट खटकली म्हणजे ऑर्डर खोटी, असं आम्ही धरत नाही. अशा ऑर्डरीच्या ग्राहकाला फोन आधी जातो, एवढंच.

हा फोन फक्त आमच्या पैशांसाठी असतो असंही नाही. गेल्या दिवाळीत रात्री एक ते दीडच्या दरम्यान अकरा ऑर्डरी आल्या. सगळ्या एकाच सोसायटीतल्या, नावं वेगवेगळी, प्रत्येकी तीन-तीन डबे. एका ऑर्डरीत फ्लॅट ७०२ होता, दुसरीत ८०४. त्या भागात माल पोचवणाऱ्या कुरिअरच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, इमारत चारच मजल्यांची आहे. सात ऑर्डरींवर एकच मोबाइल नंबर होता. तो लावला तर एक वयस्कर बाई बोलल्या. त्यांनी काहीच मागवलं नव्हतं. आदल्या आठवड्यात दोनदा कुणीतरी त्यांच्या नावावर जेवण मागवलं होतं आणि दारात आलेल्या मुलांशी त्यांची वादावादी झाली होती. कुणीतरी त्यांना मुद्दाम छळत होतं. आम्ही फोन न करता तेहतीस डबे पाठवले असते तर आमचं नुकसान झालंच असतं, पण त्यांच्या दारात पुन्हा तोच तमाशा झाला असता.

फोनवर आम्ही ‘तुम्ही ऑर्डर दिली का?’ एवढंच विचारत नाही, कारण त्याला गंमत करणाराही पटकन ‘हो’ म्हणतो. आम्ही विचारतो, डबा कोण घेणार, त्या दिवशी घरी कुणी असेल का, दारापर्यंत यायची खूण काय, आणि चिवडा पोह्यांचा हवा की मक्याचा. ज्याने खरंच मागवलंय तो हे अर्ध्या मिनिटात सांगतो, वर ‘आईला लसूण चालत नाही’ हेही सांगतो. ज्याने चेष्टा केलीय तो बहुतेक वेळा खुणेच्या प्रश्नाला अडतो किंवा फोन ठेवतो.

आता तुमच्या ऑर्डरीचं. पत्ता इथे लिहीत नाही. पण तळकोकणातल्या वाडीवरच्या घराला नंबर नसतो, गल्ली नसते. वाडीचं नाव आणि ‘शाळेच्या मागे’ हाच तिथला पूर्ण पत्ता असतो आणि पोस्टमनला तेवढा पुरतो. आमच्या मुलीला तो अपुरा वाटला. शिवाय घेणाऱ्या आईंचं नाव आणि फोन मात्र मुलाचा, हेही तिला खटकलं. खरं तर गावी आईवडिलांना डबा पाठवणारे आमचे निम्मे ग्राहक असेच असतात. हे मी तिला आधीच शिकवायला हवं होतं.

दुसरी चूक फोनची. तिन्ही फोन अकरा ते दोनच्या मधले आहेत, म्हणजे नोकरदार माणूस कामात असतानाचे. आणि अनोळखी फोन उचलला नाहीत यात तुमचं काहीच चुकलं नाही. कुरिअरच्या नावाने फोन करून ओटीपी मागणारे, `*401*` लावून पुढे एक नंबर दाबायला सांगणारे लोक खरोखर आहेत. तसं केलं की आपले फोन त्यांच्याकडे वळू शकतात. आमच्याकडून ओटीपी, यूपीआय पिन किंवा असं काही दाबायला कधीच सांगितलं जाणार नाही. कुणी सांगितलं तर तो फोन आमचा नाही.

तिसरी आणि मोठी चूक म्हणजे उत्तर नाही म्हणून रद्द. फोन न उचलणं म्हणजे नकार नव्हे. कालपासून असं ठरवलंय: आधी ऑर्डर क्रमांकासह मेसेज, मग एक फोन दुपारी आणि एक संध्याकाळी सात ते नऊमध्ये. तरीही उत्तर नसेल तर ऑर्डर दोन दिवस थांबेल, लगेच रद्द होणार नाही. त्यानंतरही उत्तर नसेल तर मात्र ती आम्हाला सोडावी लागेल, कारण दिवाळीआधी कुरिअरच्या गाड्या भरतात आणि थांबलेल्या डब्याची जागा दुसऱ्या कुणाला मिळू शकते.

ही सोयच बंद करा, असं मला घरातूनही सांगतात. शंभर रुपये आधी घेऊनही पाहिले. खोट्या ऑर्डरी कमी झाल्या, पण पहिल्यांदा मागवणारी, मोबाइलवरून पैसे न भरणारी वयस्कर माणसंही गेली. डबा हातात आल्यावरच पैसे द्यावेत असं त्यांना वाटतं आणि ते मला रास्त वाटतं. म्हणून सोय राहील आणि फोनही राहील.

तुमची ऑर्डर मी पुन्हा चालू केली आहे. तळकोकणाची गाडी बुधवारी दुपारी निघते. मी आज रात्री आठला स्वतः फोन करीन. तुमच्या ऑर्डरीचे शेवटचे चार आकडे मी आधी सांगीन, मगच बोला. आईंचा नंबर दिलात तर कुरिअरचा मुलगा वाडीवर पोचल्यावर थेट त्यांनाच विचारेल. आणि लसूण चालतो का, तेही सांगा.