उंचीने केला घात

आत्याच्या साठीला द्यायचा कपबशांचा सेट घरात आला, त्याला सोनेरी कागद लागला, किमतीचं लेबलही नखाने खरवडून झालं. राहिली फक्त रिबिन. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता, म्हणजे वेळच वेळ होता.

खोका तीस सेंटिमीटर लांब, वीस रुंद आणि दहा उंच. वरून अधिक चिन्हासारखी रिबिन घालायची. मी तोंडी हिशेब केला: लांबी दोनदा साठ, रुंदी दोनदा चाळीस, झाले शंभर. कोपऱ्यावरच्या लेस-बटनवाल्याकडून मी थाटात एक मीटर लाल साटीन आणली. घरी येऊन गुंडाळली, तर दोन टोकांमध्ये वीतभर नाही, चांगलं दोन वितींचं अंतर. टोकं समोरासमोर उभी होती, पण रुसलेल्या व्याह्यांसारखी, एकही पुढे यायला तयार नाही.

"अरे, उंची धरलीस का?" आईने वाती वळता वळता विचारलं.

नव्हती धरली. रिबिन वरून जाते, खालून जाते, पण मधे चार भिंतीही उतरते-चढते, हे माझ्या गावीच नव्हतं. म्हणजे लांबी दोनदा, रुंदी दोनदा, पण उंची चारदा. सगळ्यात किरकोळ दिसणाऱ्या त्या दहा सेंटिमीटरनी माझे चाळीस खाल्ले होते. एकूण एकशेचाळीस.

तेवढ्यात बायको म्हणाली, "खोका उभा ठेवला तर जास्त भारी दिसेल." आता मी शहाणा झालो होतो. उभा केला की तीस ही उंची होणार आणि तीच चारदा मोजावी लागणार: एकशेवीस, अधिक चाळीस, अधिक वीस, म्हणजे एकशेऐंशी. खोका तोच, फक्त झोपेतून उठवल्याचे चाळीस सेंटिमीटर जादा. मी त्याला आडवाच राहू दिला. ज्याची सगळ्यात लहान बाजू उभी, त्याला रिबिन कमी, हे मी या वयात शिकलो.

दुसऱ्या फेरीला दीड मीटर आणली. दुकानदार म्हणाला, "साहेब, बो पण बांधणार ना?" मी म्हटलं, "दहा सेंटिमीटर उरतात की!"

दहा सेंटिमीटरमध्ये काय होतं ते सांगतो. दोन्हीकडे पाच-पाच येतात, त्यात धड गाठही बसत नाही. बोचा हिशेब मी त्यानंतर, म्हणजे नेहमीच्या क्रमाने, केला. आठ सेंटिमीटरची एक पाकळी हवी तर रिबिन जाते आठ आणि परत येते आठ, म्हणून सोळा. दोन पाकळ्यांचे बत्तीस. लोंबणारी टोकं बारा-बारा, चोवीस. मधल्या गाठीत आठ-नऊ गडप होतात. ते मी बुटाची नाडी सोडून, बांधून, खुणा करून मोजले. बेरीज पासष्ट.

"तीन विती सोड म्हणून सांगणारच होते," आई म्हणाली. सांगितलं मात्र नव्हतं.

म्हणजे लागणार दोन मीटर पाच. कापताना टोकं तिरकी करायची, सुटलेले धागे छाटायचे, म्हणून सव्वादोन आणावी. मी चपला घातल्या. दुकान बंद झालं होतं.

तेव्हा नववीतली कन्या उठली. तिने मिठाईचा रिकामा पुडा उलगडून जमिनीवर पसरला आणि त्यावर पेन्सिलने तिरकी रेघ मारली. "बाबा, अधिक चिन्ह कशाला? कोपऱ्यांवरून तिरकी घाल. लांबी आणि उंची मिळून चाळीस, रुंदी आणि उंची मिळून तीस. काटकोन त्रिकोण. कर्ण?"

"पन्नास," मी शाळेतल्या आवाजात म्हणालो.

"तो दोनदा. शंभर."

म्हणजे त्या दीड मीटरमधून पन्नास उरत होते! सहा-सहाच्या पाकळ्यांना चोवीस, गाठीला आठ, टोकं नऊ-नऊ. बो जरा बाळसं न धरलेला झाला, पण झाला.

तिरक्या रिबिनीचा एक दुर्गुण तिने सांगितला नव्हता. ती बाजूला सरकली तरी तिची लांबी तेवढीच राहते, त्यामुळे कितीही ताणून बांधा, सरकायला तिला कोणी अडवत नाही. अधिक चिन्हात दोन पट्ट्या एकमेकींना धरून ठेवतात, इथे तसं कोणी नाही. खाली दुहेरी चिकटपट्टीचा तुकडा लावायला हवा होता. रिक्षात प्रत्येक गतिरोधकाला बो कोपऱ्याकडे निघायचा आणि मी त्याला अंगठ्याने परत आणायचो. आत्याच्या दारात मी खोका दोन्ही हातांनी, देवाच्या ताटासारखा धरून उभा होतो.

आत्याने सेटकडे पाहिलंच नाही. तिने बो अलगद सोडला, रिबिन हातावर ताणून वितींनी मोजली आणि बोटांभोवती गुंडाळत आईला म्हणाली, "सात विती आहे गं. वेणीला जास्त होईल, पण दोन मीटर असती तर परकराला नाडी झाली असती."