केबलचोर बाहेरचा नाही, पांदणीचा आहे

यंदा आमच्या शिवारात आणि शिवेपलीकडं मिळून तीन विहिरींवरच्या मोटरपंपाच्या केबली गेल्या. पारावर निकाल लागला, "बाहेरची टोळी असंन." मला ते पटत नाही, कारण गेलेल्या केबलींपेक्षा न गेलेल्या जास्त बोलतात.

तिन्ही विहिरी एकाच पांदणीवर आहेत. ही पांदण गावातून निघून शिव ओलांडते आणि हायवेच्या फाट्याला लागते. नाल्यापलीकडच्या संत्र्याच्या बागेत मात्र सगळ्यात लांब, नवीकोरी केबल आहे आणि तिला कोणी हात लावला नाही. हेरून आलेल्या टोळीनं आधी तीच उचलली असती. पण त्या बागेतून पुढं कुठं जाताच येत नाही. मालक सोडला तर तिकडं कोणाचं कामच पडत नाही.

पॉल आणि पॅट्रिशिया ब्रँटिंगहॅम या कॅनडातल्या अभ्यासक जोडप्यानं नेमकी हीच गोष्ट मांडली. क्राइम पॅटर्न थिअरी म्हणतात तिला. चोराचंही रोजचं जाणं-येणं असतं: घर, काम, बाजार, दारूचा गुत्ता. या ठिकाणांना जोडणाऱ्या रस्त्यांच्या आजूबाजूचं तेवढं त्याला पाठ होतं, आणि सोपं सावज बहुतेक वेळा तिथंच नजरेत भरतं. बाकीचं शिवार त्याच्या डोक्यातच नसतं.

मग गावाला लागून, त्याच पांदणीवरच्या दोन विहिरी कशा वाचल्या? तिथं अंधारातही गाडीच्या आवाजावरून माणूस ओळखतात. चोऱ्या सुरू होतात त्या शिवेपाशी. तिथं दिसलेला माणूस आपल्याला त्या गावचा वाटतो, त्यांना आपल्या गावचा. हटकत कोणीच नाही.

वेळही पाहा. थ्री-फेज रात्री असली की कास्तकार ओलिताला वावरात असतो. ती दिवसा असते त्या आठवड्यात रात्री वावर सुनं. तिन्ही केबली अशाच आठवड्यांत गेल्या. हे वेळापत्रक रोज जाणाऱ्या-येणाऱ्याला न विचारता कळतं. फाट्याअलीकडच्या रपट्याखाली जळक्या प्लास्टिकचा काळा थर आहे. तांबं तिथंच मोकळं केलं. म्हणजे माल गावाकडं नाही, फाट्याकडं गेला.

गाडी घेऊन येणाऱ्या टोळ्या नसतातच असं नाही. पण त्यांचाही रस्ता असतो, आणि आमच्या या विहिरी हायवेवरून दिसत नाहीत.

एक मात्र ऐका. यातून जागा कळते, माणूस नाही. त्या पांदणीनं दूधवाला जातो, मजुरांचा ऑटो जातो, मीही जातो. हे वाचून कोणाच्या सालगड्याची कॉलर धरू नका.

खरी गोची वेगळीच आहे. शिवेबरोबर ठाण्याची हद्दही बदलते. दोन तक्रारी एका ठाण्यात, तिसरी दुसऱ्यात, आणि प्रत्येकीत गट नंबर आहे, रस्ता नाही. त्यामुळं तिन्ही विहिरी एका कागदावर कोणी पाहिल्याच नाहीत. तलाठ्याकडून दोन्ही गावांचे नकाशे घेऊन मी पांदण लाल पेनानं ओढली आहे. सोमवारी दोन्हीकडच्या बीट जमादारांना एकेक प्रत देतो. ज्यांची केबल गेली त्यांनी सोबत या.