पगाराच्या आठवड्यात ‘मनसोक्त’ हा शब्द नको

गेली काही वर्षं मी किराणा दुकानांच्या एका साखळीसाठी ऑफरचा मजकूर लिहितोय. पोस्टर, मेसेज, शेल्फला लावायच्या पट्ट्या, बिलाच्या तळाशी छापायच्या ओळी, सगळं. दर महिन्याला 22-23 तारखेच्या आसपास एकच निरोप येतो, “सॅलरी वीकचं काहीतरी जोरदार पाहिजे.” आणि दर महिन्याला सगळीकडे जवळपास तेच छापून येतं: पगार झाला! आता मनसोक्त खरेदी करा! अमुकच्या वर बिल करा आणि 10% सूट मिळवा!

अशा ओळी मीही बऱ्याच लिहिल्या. आता लिहीत नाही. का, ते नीट मांडायचंय, कारण हा प्रश्न चांगल्या-वाईट भाषेचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे.

एक घर घेऊ. सोयीसाठी आकडे साधे ठेवतो, चलन कुठलंही समजा. पगार झाल्यावर त्या घराला महिन्याचा किराणा भरायचाय आणि त्यांच्या यादीची बेरीज होते 120. दुकानाची ऑफर आहे, 150 च्या वर बिल गेलं तर एकूण बिलावर 10% सूट. माणूस दुकानात शिरतो, यादीप्रमाणे सामान घेतो, 120 वर थांबतो आणि पोस्टर बघतो. आणखी 30 चं घेतलं तर 15 वाचणार, म्हणजे 30 चा माल 15 मध्ये. तो घेतो आणि 135 देऊन बाहेर पडतो.

आता सगळं अवलंबून आहे ते या वरच्या 30 मध्ये काय आलं यावर. साबण, तेल, कपडे धुण्याची पावडर आली असेल, तर घराचा फायदा झाला. ते सामान खराब होत नाही, पुढे लागणारच होतं आणि निम्म्या किमतीत पडलं. पण काउंटरजवळची बिस्किटं, चिप्स, थंड पेयं आली असतील तर ती चार दिवसांत संपतात. घरातून 15 जास्त गेले आणि त्यांची उणीव तिसऱ्या आठवड्यात भासते. ऑफर तीच, बिल तेच. ते 30 कुठे वळतात यात पोस्टरवरच्या शब्दाचाही वाटा असतो. ‘मनसोक्त’ लिहिलं की हात चिप्सकडे जातो, कारण मनसोक्त पीठ कोणी घेत नाही.

“मग दुकानाचं तर भलं झालं ना?” असं कोणी म्हणेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण करून बघा. 100 च्या मालात दुकानाला 18 सुटतात असं धरू. ऑफर नसती तर 120 च्या बिलात 21.6 सुटले असते. ऑफरमध्ये 150 चा माल गेला, त्याची खरेदी 123, हातात आले 135. सुटले 12. बिल मोठं झालं आणि कमाई जवळपास निम्म्यावर आली! त्यात तो जास्तीचा साबण घराने पुढच्या खेपेला घेतलाच असता, तर तेव्हाची कमाईही गेली. शिवाय ज्यांचं बिल मुळातच 150 च्या वर जातं, त्यांना काही न करता सूट मिळाली. पगाराच्या आठवड्यात अशी घरं भरपूर असतात. नेमकी बिलं मोठी असतात त्याच आठवड्यात आपण मोठ्या बिलावर सूट देतोय.

मग अशी ऑफर दुकानाला परवडते कधी? घर अर्धी यादी दुसऱ्या दुकानातून आणणार होतं आणि ऑफरमुळे सगळी इथूनच घेतली, तेव्हा. अर्ध्या यादीवर दुकानाला 10.8 सुटले असते, आता 12 सुटले. फायदा आहे, पण किती? एवढासा. आणि तोही फक्त अशा घरांमध्ये.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. पगाराच्या आठवड्यात दुकानासाठी मोलाची गोष्ट खिशातली जास्तीची रक्कम नाहीच. मोलाची आहे ती यादी. महिन्यातून एकदाच घर बसून ठरवतं की काय आणायचं आणि कुठून आणायचं. त्या यादीत दुकानाला जागा मिळाली तर महिनाभराचं येणंजाणं मिळतं. त्यामुळे मजकूर रकमेशी नाही, यादीशी बोलला पाहिजे.

म्हणून मी मार्केटिंगच्या बैठकीत वेगळी ऑफर मांडतो. किमान बिलाची अट काढा आणि प्रत्येक यादीत असणाऱ्या चार वस्तूंवर सरळ 12% सूट द्या. त्याच घराचा हिशेब बघा. 120 च्या यादीत या चार वस्तू 50 च्या आहेत असं समजा. घराचे 6 वाचले, जास्तीचं काहीही न घेता. दुकानाला 15.6 सुटले. घर सगळी यादी इथूनच घेणार होतं तर दुकानाचं 6 नं कमी झालं, आधीच्या ऑफरमध्ये ते 9.6 नं कमी झालं होतं. आणि अर्धी यादी बाहेर जाणार होती तर 10.8 चे 15.6 झाले, तिथे 12 च होत होते. दोन्ही बाजूंनी बरं. अर्थात त्या चार वस्तू बघून लोक आले आणि तेवढ्याच घेऊन गेले तर गणित बिघडतं. म्हणून अशा वस्तू निवडाव्या लागतात ज्यांच्यासाठी कोणी वेगळी खेप मारत नाही. आणि त्या शेवटच्या दिवसापर्यंत शेल्फवर असाव्या लागतात. दुसऱ्याच दिवशी तेल संपलं तर ज्याने यादी करताना आपल्यावर विश्वास ठेवला, तो तेलासाठी दुसरीकडे जातो आणि उरलेली यादीही तिकडेच घेतो.

आता मजकूर. मोबाइलवर जाणाऱ्या साध्या मेसेजला जागा किती असते हे मराठीत लिहिणाऱ्यांना फार उशिरा कळतं. इंग्रजीत एका मेसेजमध्ये 160 अक्षरं बसतात, देवनागरीत 70. त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘किराणा’ आपल्याला तीन अक्षरी दिसतो, तिथे तो सहाचा असतो. 70 ची मर्यादा ओलांडली की एकाचे दोन मेसेज होतात आणि खर्च दुप्पट. मग लोक काय करतात? “धमाका” ठेवतात आणि अट कापतात. मी उलटं करतो:

“तेल, साखर, पीठ, साबण: 5 तारखेपर्यंत 12% सूट. किमान बिलाची अट नाही.”

मोजलंत तर 66 भरतात. दुकानाचं नाव पाठवणाऱ्याच्या जागी दिसतंच. यात ‘पगार’ शब्द नाही, मुद्दाम नाही. आपला पगार कधी झाला हे माणसाला माहीत असतं आणि ते दुकानाने सांगितलेलं अनेकांना आवडत नाही. ज्याचा पगार त्या महिन्यात लांबलाय त्याला तर ते बोचतंच. ‘पर्यंत’ही सुटीच्या टक्क्यांपुढे नाही, फक्त तारखेपुढे आहे. “50% पर्यंत सूट” या ओळीत 50% एखाद्या कोपऱ्यातल्या वस्तूवर असते आणि यादीतल्या बाकी सगळ्यावर 3-4%. गिऱ्हाईक काउंटरवर बिल बघून गप्प बसतं, भांडत नाही, आणि पुढच्या महिन्यात येत नाही. ती गप्प नाराजी आपल्या कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही.

मेसेज जातो कधी हेही तितकंच महत्त्वाचं. सगळ्यांना 1 तारखेला सकाळी पाठवायची रीत आहे. पण पगार सगळ्यांचा एका दिवशी होत नाही. कोणाचा महिन्याच्या शेवटच्या दिवशी, कोणाचा 5 ला, कोणाचा 7 ला, कोणाची पेन्शन असते. ज्यांच्याकडे दुकानाचं कार्ड आहे त्यांचं मागच्या सहा महिन्यांतलं सगळ्यात मोठं बिल कोणत्या तारखांना झालं ते बघता येतं. आपल्याला तेवढं पुरतं, पगाराची चौकशी करायची गरजच नाही. त्या तारखेच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी मेसेज गेला पाहिजे. तेव्हा यादी अजून कागदावर असते, बदलता येते. पिशवी घेऊन निघालेल्या माणसाला पाठवलेला मेसेज फक्त सूट वाटतो, त्याचा निर्णय बदलत नाही.

एक गोष्ट मात्र मी लिहायच्या आधी खरेदी विभागाला विचारतो, आणि त्यावरून माझे खटकेही उडालेत: या चार वस्तूंची मागच्या 30 दिवसांतली सगळ्यात कमी किंमत किती होती? जस्टिन हेस्टिंग्ज आणि एबोन्या वॉशिंग्टन या अर्थशास्त्रज्ञांनी 2010 साली अमेरिकेतल्या सुपरमार्केटच्या बिलांवरून दाखवलं की सरकारी मदत मिळणाऱ्या घरांची खरेदी महिन्याच्या सुरुवातीला जास्त असते आणि नंतर घटते. त्याच दिवसांत दुकानातल्या किमतीही किंचित चढलेल्या होत्या. म्हणजे ज्या आठवड्यात हातात पैसा असतो त्याच आठवड्यात माल थोडा महाग मिळतो. 25 तारखेला किंमत चढवून 1 तारखेला 12% उतरवायचं असेल तर ती सूट नाही, आणि तिच्यासाठी ओळ मी लिहिणार नाही. युरोपीय संघात तर 2022 पासून नियमच आहे की किंमत कमी केल्याचं जाहीर करताना आधीच्या 30 दिवसांतली सर्वात कमी किंमत दाखवायची. नियम असो नसो, मजकूर लिहिणाऱ्याने हा आकडा मागितलाच पाहिजे. ओळीखाली आपलं नाव नसतं, पण ती ओळ आपलीच असते.

शेवटचा वाद मोजण्याचा. पहिल्या आठवड्याची विक्री वाढली की बैठकीत टाळ्या पडतात. पण पगाराच्या आठवड्यात विक्री ऑफर नसली तरी वाढतेच. आपल्या शब्दांनी काय केलं हे कळायचं असेल तर कार्डवाल्यांपैकी दहातल्या एकाला, चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखं, मेसेज पाठवायचाच नाही. मग दोन्ही गटांची दर घरामागची पूर्ण महिन्याची कमाई शेजारी ठेवायची. कमाई म्हणतोय, विक्री नाही. पहिल्या आठवड्यात मेसेजवाला गट पुढे आणि तिसऱ्या-चौथ्यात तेवढाच मागे दिसला, तर आपण काही विकलं नाही, फक्त खरेदी लवकर करून घेतली. मी हे मागितलं तेव्हा पहिलं उत्तर आलं, “म्हणजे दहा टक्के लोकांना ऑफरच कळणार नाही?” हो, त्यांना मेसेज जाणार नाही. दुकानात पट्टी लावलेली आहे, आले तर सूट त्यांनाही मिळणार आहे.

या महिन्यासाठी बराच वेळ वाद घालून एवढं मान्य झालंय: चार वस्तू, अट नाही, मेसेज दोन दिवस आधी, दहातला एक बाजूला. पोस्टरवरचं ‘मनसोक्त’ अजून निघालेलं नाही. त्याच्या जागी “यादी घेऊन या” असं लिहून मी आज सकाळी परत पाठवलंय.