बीजिंगमध्ये लोक नेमके कशामुळे पळाले?

"साथीत खरे आकडे लगेच सांगू नयेत, लोक सैरभैर होतात. २००३ मध्ये सार्सच्या वेळी बीजिंगने आकडे जाहीर केले आणि लोक शहर सोडून पळाले. आधी धीर द्यावा, तपशील नंतर." असा युक्तिवाद ऐकायला मिळतो.

पळापळ झाली, हे खरं. पण तारखा ओळीने लावून बघा. ३ एप्रिलला चीनच्या आरोग्यमंत्र्यांनी बीजिंगमध्ये १२ रुग्ण आणि ३ मृत्यू असल्याचं सांगून साथ आटोक्यात असल्याची ग्वाही दिली. ती ऐकून जियांग यानयोंग या निवृत्त लष्करी शल्यविशारदांनी माध्यमांना कळवलं की, एकाच लष्करी रुग्णालयात साठेक रुग्ण आहेत. २० एप्रिलला सरकारी आकडा ३७ वरून एकदम ३३९ झाला. आरोग्यमंत्री आणि महापौर, दोघांचीही पदं गेली. दुकानांतली झुंबड आणि स्थानकांवरची गर्दी त्यानंतरची.

रोग काही एका रात्रीत नऊपट झाला नव्हता. लपवलेले रुग्ण एकदम मोजणीत आले होते. काल ३७ सांगणाऱ्यांचा आजचा ३३९ तरी खरा कशावरून, असं लोकांना वाटलं तर त्यांना दोष कसा द्यायचा? त्या आठवड्यातली भीती आधीच्या 'धीर देण्या'ची थकबाकी होती.

गप्प राहिल्याने शांतता टिकते, हेही तिथेच खोटं ठरलं. फेब्रुवारीत ग्वांगडोंग प्रांतात जीवघेण्या तापाचे संदेश मोबाइलवरून फिरत होते, व्हिनेगर आणि काढ्याच्या औषधांचे भाव भडकले होते. ३०५ रुग्ण आणि ५ मृत्यू ही सरकारी माहिती आली ११ फेब्रुवारीला, म्हणजे घबराट आधी आणि आकडा नंतर.

राहिला धीराचा प्रश्न. 'घाबरू नका' हे वाक्य ऐकणाऱ्याला तपासून पाहता येत नाही. त्याऐवजी समजा असं सांगितलं: "आजवर ४० रुग्ण निश्चित झाले आहेत. उद्यापासून चाचण्या वाढवतोय, त्यामुळे आठवडाभर आकडा चढेल. त्यात आधीच आजारी असलेलेही असतील. लागण नेमकी कशी होते, हे अजून कळलेलं नाही, तपास सुरू आहे. ताप-खोकला असेल तर दवाखान्यात येण्याआधी फोन करा. पुढची माहिती उद्या सायंकाळी ५ वाजता." आता परवा आकडा ११० झाला, तरी तो भाकिताप्रमाणे आलेला असतो. शिवाय ऐकणाऱ्याला स्वतः करण्यासारखं काही मिळतं. अज्ञाताची कबुली दिल्याने अधिकारी दुबळा दिसतो ही भीती मला तरी पोकळ वाटते. दुबळा दिसतो तो दोन आठवड्यांनी शब्द फिरवणारा.

अर्थात सगळंच उघडं करायचं नसतं. रुग्णाचं नाव-पत्ता सांगू नये, आणि संशयित रुग्ण निश्चित रुग्णांत मिसळू नयेत. लवकर बोलण्याची किंमतही आहे: सुरुवातीचे काही अंदाज चुकणारच. अशा वेळी जुना आकडा गुपचूप बदलायचा नाही. ज्याने तो सांगितला त्यानेच पुढच्या ५ वाजता तो का बदलला ते सांगायचं.