‘उपलब्ध नाही’ म्हणजे नक्की काय नाही?

गेले दोन महिने मी एका घरगुती फराळ-मसाल्याच्या दुकानाच्या वेबसाइटचा मजकूर नव्याने लिहिते आहे. त्यातलं सगळ्यात जास्त काम ज्या पानांवर काहीच नसतं त्यांच्यावर झालं. लिंक चुकली की उघडणारं ४०४ चं पान, शोधून काही न सापडल्यावर येणारी ओळ, रिकामी पिशवी. याबद्दल मला पोटतिडकीने लिहायचं आहे, कारण मराठी वेबसाइटवरचा सगळ्यात वाईट मराठी मजकूर नेमका इथे असतो.

आधीचा मजकूर असा होता. ४०४ वर: ‘अरेरे! आपण शोधत असलेले पृष्ठ अस्तित्वात नाही. मुख्यपृष्ठावर जा.’ शोधल्यावर: ‘कुळीथ सापडला नाही.’ पिशवीवर: ‘आपण अद्याप कोणतीही वस्तू निवडलेली नाही.’ आणि दुकानाचं बाकी सगळं लेखन कसं? ‘भाजणी आज सकाळी दळली’, ‘चकली कडक नाही, खुसखुशीत आहे’. म्हणजे दुकान बोलत असतं, आणि अडचण आली की अचानक सरकारी कार्यालय बोलायला लागतं.

दुकान चालवणाऱ्या काकूंच्या मुलाचं म्हणणं होतं की इथे काहीतरी गमतीशीर टाकू. तुटलेल्या लाडवाचं चित्र आणि ‘हे पान कुणीतरी खाल्लं!’. मी नाही म्हटलं. ज्याची लिंक उघडली नाही तो आधीच वैतागलेला असतो. पहिल्यांदा कदाचित हसेल, तिसऱ्यांदा त्याच चित्रावर आला की चिडेल. शिवाय ते दुकान एरवी कधीच असे विनोद करत नाही. ब्रँडचा सूर म्हणजे वरून भुरभुरायची कोथिंबीर नाही. तो दुकानातली माणसं कशी बोलतात त्यातून येतो. म्हणून मी एक अख्खी दुपार काउंटरच्या मागे स्टुलावर बसून राहिले आणि काकू ‘नाही’ कसं म्हणतात तेवढंच लिहून घेतलं.

एका बाईंनी अनारसे मागितले. काकू म्हणाल्या, “अनारसे दिवाळीच्या आधी आठ दिवस करतो हो. पीठ मात्र आहे, देऊ का?” एकाने मेतकूट विचारलं. “संपलंय. गुरुवारी या, किंवा नंबर लिहून ठेवा, मी फोन करते.” एका मुलाने फरसाण मागितलं. “ते आम्ही ठेवत नाही रे, चिवडा बघ हवा तर.” आणि एका आजोबांनी हुलग्याचं पीठ मागितलं तेव्हा काकूंनी न बोलता कुळथाचं पीठ पुढे केलं.

चार गिऱ्हाइकं, चार वेगळे नकार. एकात हंगाम नाही, एकात माल संपलाय, एकात तो माल दुकानात नसतोच, आणि शेवटच्यात तर नकारच नाही, फक्त नाव वेगळं. वेबसाइटकडे या चारही प्रसंगांना एकच उत्तर होतं: ‘उपलब्ध नाही’. ही ओळ वाचून गिऱ्हाइकाला पुढे काय करायचं ते कळत नाही. गुरुवारी यायचं, दिवाळीला यायचं की दुसरं दुकान बघायचं? काकूंच्या प्रत्येक वाक्यात मात्र दोन गोष्टी होत्या: झालंय काय, आणि आत्ता हाताशी काय आहे. सूर त्या दोन गोष्टी सांगता सांगता आपोआप आला होता.

मग ४०४ चं पान घेतलं. मजकूर लिहिण्याआधी सर्व्हरच्या नोंदी काढून लोक नक्की कुठल्या पत्त्यावर आपटतात ते पाहिलं. यादीत सगळ्यात वर होतं गेल्या वर्षीच्या दिवाळी फराळाच्या डब्याचं पान. दिवाळी संपली की ते पान काढून टाकायचं, पुढच्या वर्षी नव्या पत्त्यावर नवं करायचं, असा रिवाज होता. पण लोकांनी जुनी लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलेली असते आणि ती वर्षभर फिरत राहते. काकूंना फोन येत होते, “तुमची लिंक उघडत नाहीये.” यावर उत्तम ४०४ लिहिणं हे उत्तरच नव्हे. फराळाच्या डब्याचा पत्ता आता कायमचा एकच ठेवला आहे. जुना पत्ता ३०१ ने, म्हणजे कायमच्या बदलाच्या खुणेने, नव्याकडे वळवला. हंगाम नसताना त्या पानावर लिहिलेलं असतं: ‘यंदाच्या फराळाची नोंदणी अजून सुरू झालेली नाही. सुरू झाली की कळवू, नंबर ठेवा. चिवडा आणि शंकरपाळे मात्र बारा महिने मिळतात.’ हे वाक्य जवळपास काकूंचंच आहे.

खरोखर चुकलेल्या पत्त्यांसाठी उरलेलं पान आता असं आहे:

‘हे पान इथे नाही. लिंक जुनी असेल किंवा पत्त्यात एखादं अक्षर चुकलं असेल. काय हवं होतं ते खाली लिहा, शोधून देतो.’

त्याखाली शोधायची चौकट, मग मसाले, पिठं, फराळ अशी तीन बटणं, आणि दुकानाचा फोन. ‘अरेरे’ काढलं. ‘मुख्यपृष्ठावर जा’ हेही काढलं, कारण मुख्य पानावर जाऊन त्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं. ‘आपण’चं ‘तुम्ही’ केलं, कारण काकू ‘तुम्ही’ म्हणतात.

इथे एक तांत्रिक खोच आहे आणि ती मजकूर लिहिणाऱ्यालाही माहीत हवी. पान माणसाला ‘नाही’ म्हणत असेल तर सर्व्हरनेही ४०४ असंच म्हणायला हवं. आमच्याकडे तसं होत नव्हतं. अपाची सर्व्हरच्या सेटिंगमध्ये कुणीतरी या ‘नाही’च्या पानाचा पूर्ण पत्ता दिला होता. `https` पासून पूर्ण पत्ता दिला की अपाची ब्राउझरला तिकडे वळवतो आणि ४०४ ही खूण वाटेतच गळून पडते. मग गूगलला वाटतं की पान व्यवस्थित सापडलं. अशा पानांना गूगल ‘सॉफ्ट ४०४’ म्हणतं. साइटवरचाच, तिरक्या रेषेने सुरू होणारा पत्ता द्यायचा:

```
ErrorDocument 404 /sapadle-nahi.html
```

आणि मग मुद्दाम चुकीचा पत्ता टाकून बघायचं:

```
curl -I https://example.com/asa-pan-nahi
```

पहिल्या ओळीत `404` दिसलं की झालं. `200`, म्हणजे पान सापडलं, किंवा `302`, म्हणजे दुसरीकडे वळवलं, असं दिसलं तर मजकूर कितीही गोड असला तरी काम अर्धंच आहे. सगळ्या चुकलेल्या पत्त्यांना सरळ मुख्य पानावर ढकलायची पद्धतही मला मान्य नाही. माणसाला आपण कुठे आलो ते कळत नाही, आणि काही चुकलंय हे त्याला कुणी सांगतही नाही.

आता शोध. मराठीत लिहिणाऱ्याला इथे इंग्रजीपेक्षा वेगळी अडचण येते. गिऱ्हाइकाने टाइप केलेला शब्द वाक्यात बसवायचा असतो, आणि आपलं व्याकरण तो शब्द जसाच्या तसा बसू देत नाही. ‘___ सापडला नाही’ असा साचा केला की ‘लाडू सापडला नाही’ ठीक, पण ‘चकली सापडला नाही’ आणि ‘पोहे सापडला नाही’ होतं. ‘___साठी काही मिळालं नाही’ केलं तर ‘कुळीथसाठी’, ‘मसालासाठी’ असं होतं, कारण यंत्र सामान्यरूप करत नाही. हे वाचताना मराठी माणसाला क्षणात कळतं की इथे कुणी माणूस बोलत नाहीये. यावर मला सापडलेला उपाय साधा आहे. शब्द अवतरणात एकटा ठेवायचा, त्याला प्रत्यय लावायचा नाही, आणि क्रियापदाचं लिंग-वचन दुसऱ्याच शब्दावर टेकवायचं: ‘“चकली” या नावाचं काही सापडलं नाही.’ ‘काही’ कायम नपुंसकलिंगी एकवचनी. शब्द कुठलाही येऊ दे, वाक्य मोडत नाही.

पण त्याआधी, शोध रिकामा येतोच का? काही न सापडलेल्या शोधांची यादी काढून काकूंसोबत वाचली. त्यातले कित्येक शब्द म्हणजे दुकानात असलेलेच जिन्नस होते. ‘हुलगे’, कारण कोकणातलं कुळीथ देशावर हुलगे होतं. ‘chivda’ आणि ‘chiwda’, कारण फोनवर अनेकजण रोमन अक्षरांत लिहितात. ‘अनरसे’. ‘मेतकुट’, ऱ्हस्व. शुद्धलेखन चुकलं म्हणून गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने पाठवायचं हे मला पटतच नाही. काकूंनी प्रत्येक जिन्नसाची लोकांच्या तोंडची नावं सांगितली, ती शोधाच्या शब्दसूचीत घातली. आता ‘हुलगे’ लिहिलं की कुळथाचं पीठ समोर येतं, जसं आजोबांच्या समोर आलं होतं. ही यादी दर महिन्याला पुन्हा वाचावी लागते, एकदा करून भागत नाही.

रिकाम्या पिशवीची ओळ लहान आहे, पण तिच्यावर आमचा वाद झाला. ‘तुम्ही अजून काही निवडलेलं नाही’ हे अनेकदा खोटं असतं. बाईंनी काल फोनवर पिशवी भरलेली असते आणि आज कॉम्प्युटरवर उघडतात. यंत्राला एवढंच माहीत असतं की या यंत्रावर, आत्ता, काही नाही. तेवढंच म्हणावं: ‘या पिशवीत आत्ता काही नाही. आधी दुसऱ्या फोनवर भरली असेल तर लॉगिन करा, तिथली दिसेल.’ दुसरं वाक्य लिहिण्याआधी विचारून घेतलं की पिशवी खात्याशी जोडून खरंच साठवली जाते का. साठवली जात नसती तर ते वाक्य लिहिलं नसतं.

पैसे अडकल्याच्या पानावर मात्र मी घरगुती सूर जवळजवळ पूर्ण काढला. तिथे माणसाला एकच भीती असते. ‘ऑर्डर नोंदली गेली नाही. खात्यातून पैसे गेले असतील तर ते आपोआप परत येतात. लगेच पुन्हा पैसे भरू नका, आधी खातं तपासा.’ रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार दुकानाला खात्री न मिळालेले यूपीआय किंवा कार्डचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत परत यायला हवेत, म्हणून ते दिवसही तिथेच लिहिले. आणि सर्व्हरच बंद पडला तर दिसणारं पान वेगळी साधी फाइल आहे. त्यावर शोधायची चौकट नाही, कारण तेव्हा शोधही चालत नसतो. फोन नंबर आहे.

सगळं छापून काकूंना वाचायला दिलं. त्यांनी पेनाने एकच जागा खोडली. संपलेल्या मालावर मी ‘सध्या शिल्लक नाही’ लिहिलं होतं. त्यांनी लिहिलं, ‘संपलंय, गुरुवारी येईल’. मी म्हटलं, वार दर वेळी बदलेल. त्या म्हणाल्या, “अगं मग बदलू की. मी रोज फळ्यावर लिहितेच.” आता माल भरायच्या फॉर्ममध्ये ‘परत कधी’ असा रकाना आहे आणि तो रिकामा ठेवला तर ती ओळ साइटवर ‘संपलंय. नंबर ठेवा, आलं की कळवतो’ अशी दिसते.

कुरिअरचा डबा कुठवर आला ते दाखवणारं पान अजून राहिलंय. डबा निघाला नसेल तर तिथे अजूनही इंग्रजीत ‘No data found’ येतं, कारण ती ओळ कुरिअरकडून जशीच्या तशी येते. ती अडवून तिथे ‘डबा अजून दुकानातच आहे’ असं म्हणता येईल का, हे पुढच्या आठवड्यात बघणार आहे.