एक्सपोर्टमधली बेरीज तिप्पट होण्याबद्दल

“विक्रीचा अहवाल एक्सेलमध्ये उतरवून डेटाबेसच्या टेबलमध्ये भरला. फाईलमध्ये एकूण ४,००० आणि टेबलमध्ये १२,०००! निम्म्या ओळींवर विभागाचं नावच नाही. रिकाम्या जागी वरचं नाव भरलं, तर विभागांची बेरीज आणखीच चुकली. असा एक्सपोर्ट काय कामाचा? एक तारा.”

नमस्कार. तुम्ही आकडे दिलेत म्हणून नेमकं काय झालं ते सांगता येतं. विक्री-अहवालाची एक्सेल फाईल कागदावर वाचण्यासाठी मांडलेली असते. टेबलमध्ये भरायचं असेल तर एक्सपोर्टच्याच मेनूत ‘फक्त नोंदी’ हा पर्याय आहे. त्यात प्रत्येक ओळीवर विभाग असतो आणि बेरजेची एकही ओळ नसते. पण महिना संपताना जपून ठेवलेल्या जुन्या अहवालांना तो पर्याय पुरणार नाही, कारण नंतर एखादं बिल दुरुस्त झालं असेल तर आजच्या नोंदी त्या दिवसाच्या अहवालाशी जुळणार नाहीत. तिथे फाईलच साफ करावी लागते, म्हणून सविस्तर लिहितो.

लहान नमुना घेऊ. कॉलम चार: विभाग, बिल क्रमांक, ग्राहक, रक्कम. उत्तर विभागाची तीन बिलं १,२००, ८०० आणि ५०० ची, त्याखाली ‘एकूण’ २,५००. दक्षिणेची दोन, ९०० आणि ६००, त्याखाली ‘एकूण’ १,५००. शेवटी सर्व मिळून ४,०००. बिलं, विभागांच्या बेरजा आणि अंतिम बेरीज या तिन्ही थरांत तेच ४,००० आहेत, म्हणून टेबलमधली बेरीज १२,००० आली. बेरीज बरोब्बर दुप्पट किंवा तिप्पट दिसली, की आधी बेरजेच्या ओळींवरच संशय घ्यावा. एक्सेलमध्ये हे जाणवत नाही, कारण अंतिम ओळीत `=SUBTOTAL(9,D2:D8)` आहे आणि हे सूत्र आपल्या पट्ट्यातल्या इतर `SUBTOTAL` सेल वगळतं. टेबलमध्ये सूत्र जात नाही, नुसता आकडा जातो. ‘एकूण’ हा शब्द ग्राहकाच्या कॉलममध्ये, म्हणजे मजकुराच्या जागी असल्यामुळे भरताना एररही येत नाही.

विभागाचं नाव A2 ते A4 अशा मर्ज केलेल्या सेलमध्ये आहे. मर्ज केलेल्या पट्ट्यात मजकूर फक्त पहिल्या, म्हणजे वरच्या डाव्या सेलमध्ये असते. बाकीचे सेल खरोखरच रिकामे असतात. म्हणून उत्तरेचं फक्त १,२०० चं बिल नावासकट आलं.

तुम्ही वरचं नाव खाली भरलंत तो उपाय योग्यच आहे, फक्त त्याची पाळी नंतर येते. बेरजेच्या ओळींवरही विभाग रिकामा असतो, त्यामुळे त्यांनाही नाव मिळालं. उत्तर ५,००० झाली, आणि दक्षिणेच्या बिलांच्या १,५०० मध्ये तिची बेरीज व अंतिम ४,००० मिसळून ७,००० झाले. एकदा नाव भरलं की विभागाच्या कॉलमवरून खरी ओळ आणि बेरजेची ओळ वेगळी ओळखता येत नाही. म्हणून आधी बेरजा बाजूला काढा, मग भरा:

```python
import pandas as pd

df = pd.read_excel("ahval.xlsx")
berija = df[df["बिल क्रमांक"].isna()]
nondi = df[df["बिल क्रमांक"].notna()].copy()
nondi["विभाग"] = nondi["विभाग"].ffill()
```

बेरजेची ओळ मी ‘एकूण’ या शब्दावरून शोधत नाही. एखाद्या ग्राहकाच्या नावातच तो शब्द असला तर खरं बिल गळेल. बिल क्रमांक मात्र प्रत्येक खऱ्या नोंदीला असतोच. भरणंही फक्त विभागाच्या कॉलमपुरतं ठेवा. ग्राहकाचं नाव रिकामं असेल तर ते रिकामंच राहायला हवं. हे काम SQL मध्ये करणार असाल तर शीटमधला ओळ क्रमांक सोबत भरा. टेबलला स्वतःचा क्रम नसतो, आणि क्रमाशिवाय ‘वरची ओळ’ कोणती हे ठरत नाही.

काढलेल्या `berija` फेकू नका, ताळा त्यांच्यावरच घ्यायचा आहे. `nondi` ची विभागवार बेरीज २,५०० आणि १,५०० यायला हवी, सगळी मिळून ४,०००. एखादा विभाग जास्त भरला, तर बहुधा त्याच्याखाली विभाग न नोंदवलेली बिलं आहेत आणि त्यांना वरचं नाव चिकटलं आहे. टेबलमध्ये गेल्यावर हा फरक दिसत नाही, मूळ फाईलमध्ये दिसतो: `openpyxl` मध्ये `ws.merged_cells.ranges` पाहा. जो रिकामा सेल कुठल्याच मर्ज पट्ट्यात नाही, तो नोंदीतच रिकामा होता. फाईल मध्येच CSV म्हणून साठवली असेल तर ही खूण गेलेली असते, तेव्हा मूळ xlsx जपा.

ताळा न जमणारी फाईल असेल तर मदतकक्षाकडे पाठवा. ग्राहकांची नावं काढून पाठवलीत तरी चालेल. विभाग, बिल क्रमांक आणि रक्कम एवढं पुरेसं आहे. कुठली ओळ कुठे गेली ते मी स्वतः पाहून कळवीन.